उंबऱ्याबाहेरून विचारपूस

आमच्या भागात आजारी शेजाऱ्याला कोणी चिठ्ठी लिहीत नाही, भेटायला जातात. भालकीत, बसवकल्याणात, औरादेत किंवा तिकडे आळंदला कुणाचं ऑपरेशन झालं, की पेशंट दवाखान्यातून घरी यायच्या आत गल्लीत बातमी पोचलेली असते. मग घरात माणसांची रीघ लागते. शेजारची अक्का गरम भाकरी आणि मुगाचं वरण घेऊन येते. समोरच्या घरातली आपा कलबुर्गीला ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्याला जाऊन आलेली असते, ती तबर्रुक आणते. कुणी गाणगापूरचा अंगारा लावतं, तर कुणी बिदरच्या नानक झिऱ्याचं पाणी बाटलीत भरून आणतं. आणि येणारा प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो. कुठला डॉक्टर? किती टाके? बिल किती झालं? गाठ तपासायला पाठवली का? पेशंट प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगतो, आणि सांगता सांगता त्यालाच हलकं वाटायला लागतं. एवढं सगळं तोंडी होत असताना लिहायची गरजच पडत नाही.

म्हणून इथला मुलगा किंवा मुलगी शिकायला, कामाला इटलीत गेली आणि जिन्यावर रोज भेटणाऱ्या सिन्योरांचं ऑपरेशन झाल्याचं कळलं, की पंचाईत होते. भेटायला जावं, तर बोलावलेलं नसतं. न जावं, तर मनाला खातं. तिथे या दोन्हींच्या मधली एक वाट आहे, ती म्हणजे पाच-सहा ओळींची चिठ्ठी. दाराखालून सरकवायची, टपालपेटीत टाकायची किंवा घरच्या माणसाच्या हातात द्यायची. हल्ली हाच मजकूर व्हॉट्सअॅपवरही जातो, पण साठीच्या पुढच्या माणसाला हाताने लिहिलेला कागद मिळाला तर त्याचं अप्रूप वेगळं असतं. या पुस्तिकेत शेजाऱ्यांना लिहायच्या इटालियन चिठ्ठ्यांचे नमुने आहेत. त्यातल्या सगळ्यांत अवघड चिठ्ठीबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेतून उठणाऱ्या शेजाऱ्याला लिहायच्या चिठ्ठीबद्दल, मला इथे सविस्तर बोलायचं आहे. आतल्या पानांवर नमुने रोमन लिपीत आहेत. या प्रस्तावनेत मी इटालियन वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो, म्हणजे ती आधी कानाला ओळखीची होतील.

अवघडपणा व्याकरणाचा आहे असं बहुतेकांना वाटतं. व्याकरणाचाही आहे, त्याकडे येतोच. पण मुख्य अडचण वेगळी आहे. आपल्याकडे परक्या माणसाला जवळचं करायची एक हुकमी युक्ती आहे, ती म्हणजे नातं जोडणं. शेजारीण म्हटली की ती काकू, मावशी किंवा वहिनी. कन्नड घरची असेल तर अक्का, अव्वा. मुसलमान घरची असेल तर आपा, खाला. त्या एका शब्दात आदरही येतो आणि मायाही येते. इटालियनमध्ये ही सोय नाही. तिथे मावशीला ‘त्सिया’ म्हणतात खरं, पण ती सख्खी, चुलत किंवा लग्नाने आलेली मावशी, आत्या नाहीतर काकू. फार तर आईची जिवलग मैत्रीण. जिन्यावर भेटणाऱ्या बाईंना पत्रात ‘त्सिया’ लिहिलं, तर त्या रागावणार नाहीत. पण हा मुलगा माझ्याशी काय नातं लावतोय, असा प्रश्न त्यांना पडेल. तेव्हा नात्याचा शब्द काढून घेतल्यावर माया कुठे ठेवायची, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर इटालियन माणसानं आपल्या पद्धतीनं शोधलेलं आहे. माया ठेवायची ती चिठ्ठीच्या मायन्यात, एका नेमक्या मदतीत आणि न विचारलेल्या प्रश्नांत.

आधी संबोधनाचं बघू. एका माणसाशी बोलताना इटालियनमध्ये दोन रूपं रोज वापरात आहेत: घरच्यांसाठी, मित्रांसाठी, मुलांसाठी ‘तू’ आणि बाकी सगळ्यांसाठी ‘लेइ’. ‘तू’ तर आपल्याच ‘तू’सारखा ऐकू येतो आणि तसाच वागतो. ‘लेइ’पाशी मात्र आपली माणसं अडखळतात. आपण मराठीत आदरासाठी अनेकवचन वापरतो, तुम्ही या, तुम्ही बसा. कन्नडमध्ये ‘नीनू’चं ‘नीवू’ होतं, तेही अनेकवचनच. त्यामुळे बिदरकडच्या माणसाच्या डोक्यात आदर म्हणजे अनेकवचन हे दोन भाषांनी पक्कं केलेलं असतं आणि इटालियनमध्ये तो आपसूक ‘वोइ’कडे वळतो, कारण ‘वोइ’ म्हणजे तुम्ही सगळे. नेपल्सच्या बाजूला आणि दक्षिणेत जुनी माणसं एकट्या माणसालाही अजून ‘वोइ’ म्हणतात. पण तोरिनो, मिलान, बोलोन्या या शहरांत एका शेजारणीला ‘वोइ’ लिहिलं तर ते विचित्र दिसतं. शिवाय या ‘वोइ’ला एक जुना डागही आहे. 1938 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीनं ‘लेइ’ हा परदेशी आणि बायकी प्रकार ठरवून सरकारी कामकाजात ‘वोइ’ची सक्ती केली होती. तेव्हा ‘लेइ’ नावाचं बायकांचं एक मासिक निघत असे. त्या नावाचा अर्थ नुसता ‘ती’ असा होता, तरीही त्याला नाव बदलून ‘आन्नाबेल्ला’ व्हावं लागलं. राजवट गेली आणि ‘लेइ’ परत आलं.

‘लेइ’चा शब्दशः अर्थ ‘ती’. समोर पुरुष बसलेला असला तरी त्याला ‘ती’ म्हणायचं आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी लावायचं. ऐकायला हे फार परकं वाटतं, पण मराठीत आपण हेच करत आलो आहोत. ‘काय, आज स्वारी कुठे निघाली?’ हे आपण समोरच्या पुरुषाला विचारतो. ‘स्वारी’ स्त्रीलिंगी, ‘निघाली’ स्त्रीलिंगी, आणि निघालेला मात्र बाप्या असतो. इटालियनमध्येही कधीकाळी ‘आपली सिन्योरिया’ म्हणजे आपलं मालकपण, आपला मान, असं एक स्त्रीलिंगी नाम पुढे करून बोलायची रीत होती. ते नाम पुढे गळून पडलं आणि त्याच्या जागी आलेलं ‘ती’ तेवढं मागे राहिलं. ‘स्वारी’ डोक्यात ठेवली की ‘लेइ’ची रूपं आपोआप जमतात: ‘कोमे स्ता?’, म्हणजे कशी आहे स्वारी? ‘कोमे स्ताइ?’ म्हणालात की ते ‘कसा आहेस?’ झालं.

इथे एक चूक इतक्या वेळा होते की तिला वेगळी जागा द्यायलाच हवी. शुभेच्छा देण्याचं क्रियापद ‘आउगुरारे’. ‘मी तुम्हाला चिंततो’ यासाठी ‘ले आउगूरो’ असं लिहायचं. यातलं ‘ले’ म्हणजे ‘तिला’. शेजारी पुरुष असला की आपला विद्यार्थी विचार करतो, पुरुषाला ‘तिला’ कसं म्हणू, आणि हुशारीनं ‘ल्यी आउगूरो’ म्हणजे ‘त्याला चिंततो’ असं लिहितो. मग वाचणाऱ्याला वाटतं की या शुभेच्छा तिसऱ्याच कुणासाठी आहेत. आदरानं लिहिताना पुरुषालाही ‘ले’च. दुसरी चूक भेसळीची: पहिल्या ओळीत ‘लेइ’, तिसऱ्या ओळीत नकळत ‘तू’, शेवटी पुन्हा ‘सूओ’. म्हणून चिठ्ठी लिहून झाली की फक्त क्रियापदं आणि सर्वनामं बोटानं दाखवत एकदा वाचावी. ‘ती, त्वोइ, तूओ, तूआ’ यांतलं काही सापडलं की समजावं, स्वारी मध्येच खाली उतरली. कागदावर लिहिताना ‘लेइ’, ‘ले’, ‘ला’, ‘सूओ’ यांचं पहिलं अक्षर मोठं काढायची जुनी रीत आहे. आता सगळे पाळत नाहीत, पण वयस्कर शेजाऱ्याला लिहिताना पाळावी. त्यात खर्च काही नाही, आणि ती पाळलेली दिसते.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे येऊ. आळंद तालुक्यातला एक मुलगा तोरिनोत इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेतो. तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या मजल्यावर सत्तरीच्या पुढच्या एक बाई राहतात. नमुन्यासाठी त्यांना सिन्योरा लुचीया म्हणू. जिन्यात ‘ब्वोनजोर्नो’ होतं, एकदा त्यांनी त्याला कचऱ्याचे कुठले डबे कुठल्या दिवशी खाली न्यायचे ते समजावलं होतं, आणि दिवाळीला त्यानं त्यांना चार करंज्या दिल्या होत्या. ओळख एवढीच. बाईंचा खुब्याचा सांधा बदलला. बातमी त्यांच्या मुलानं जिन्यात सांगितली: ऑपरेशन नीट झालं, आई घरी आली आहे, अजून काही आठवडे कुबड्या लागतील.

आळंदच्या मुलानं पहिला मसुदा लिहिला तो मनातल्या मनात मराठीतच. इटालियन शब्द होते, पण मजकूर आळंदचा होता. तो मराठीतच सांगतो: ‘प्रिय लुचीया मावशी, कशी आहेस? तुझ्या आजाराचं कळलं, फार वाईट वाटलं. कसलं ऑपरेशन केलं? किती दिवस दवाखान्यात होतीस? डॉक्टर काय म्हणाले? थंड खाऊ नकोस, रात्री हळद घातलेलं गरम दूध पी. देव तुला बरं करील. आज संध्याकाळी मी आणि माझे मित्र भेटायला येतो.’

यातली प्रत्येक ओळ चांगल्या मनानं लिहिलेली आहे आणि प्रत्येक ओळ बाईंवर एकेक काम टाकते. कसलं ऑपरेशन, या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे हा प्रश्न म्हणजे आपुलकी. तिथे शरीराचं दुखणं हे ज्याचं त्यानं सांगायचं असतं. आपण विचारायचं नसतं. हळदीचं दूध हा सल्ला आहे, आणि तिकडे खाण्यापिण्याचा सल्ला डॉक्टर देतो किंवा मुलगी देते, वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी देत नाही. आजार हा शब्दही नको होता, कारण सांधा बदलणं हा आजार नव्हे. आणि ‘संध्याकाळी येतो’ ही तर सरळ धाडच. बाई घरच्या कपड्यांत, केस न विंचरलेल्या, कुबड्या धरून दार उघडायला येणार आणि दारात चार पोरं उभी. देवाचं नाव चुकीचं नाही, इटलीत अनेक घरांत ते आनंदानं घेतील. पण बाई चर्चला जातात की नाही हे माहीत नसताना ते गृहीत धरू नये.

हे सांगितल्यावर मुलगा घाबरला आणि दुसऱ्या टोकाला गेला. दुसऱ्या मसुद्याची सुरुवात ‘एग्रेजा सिन्योरा’नं झाली, पुढे ‘कोन ला प्रेज़ेन्ते’ म्हणजे ‘या पत्राद्वारे’ आलं आणि शेवटी ‘दिस्तिन्ती सालूती’. शब्द सगळे बरोबर होते. फक्त असं पत्र वीज कंपनीकडून किंवा इमारतीच्या व्यवस्थापकाकडून येतं. आपल्याकडे ‘महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून आपल्या प्रकृतीस आराम पडावा ही विनंती’ असं शेजारणीला लिहावं, तशातली गत. जास्त आदर म्हणजे जास्त सुरक्षित, असं परक्या भाषेत सगळ्यांनाच वाटतं. पण आजारी माणसाला कोरडा आदर टोचतो. करंज्या देणाऱ्या मुलानं एकदम वकिलासारखं लिहिलं, तर आपलं काही चुकलं का, असंच त्या बाईंना वाटायचं.

या दोन टोकांच्या मधली जागा मायन्यातच सापडते. ‘कारा’ म्हणजे प्रिय, आणि त्याच्यापुढे ‘सिन्योरा’ लावून नाव घालायचं: ‘कारा सिन्योरा लुचीया’. ‘कारा’नं ऊब येते, ‘सिन्योरा’नं अंतर राहतं, आणि आडनावाऐवजी पहिलं नाव घेतल्यामुळे आपण एकाच जिन्यावरचे आहोत हे कळतं. आपल्या शांताबाई, गंगूबाई अशाच घडल्या आहेत. ओळख याहून कमी असेल, तर ‘जेंतिले सिन्योरा’ आणि पुढे आडनाव. पुरुष असेल तर ‘कारो सिन्योर’ आणि नाव. नावाआधी ‘सिन्योरे’तला शेवटचा ‘ए’ गळतो, तेवढं लक्षात ठेवायचं. अविवाहित बाईंसाठी पूर्वी ‘सिन्योरीना’ म्हणत, ते आता पत्रात लिहू नये. मायन्यानंतर स्वल्पविराम येतो आणि खालची ओळ लहान अक्षरानं सुरू होते. इंग्रजी शाळेत शिकलेला हात तिथे मोठं अक्षर काढतोच.

तिसरा मसुदा असा झाला:

‘कारा सिन्योरा लुचीया,
ओ सापूतो दा सूओ फील्यो के लिंतेर्वेन्तो ए आन्दातो बेने ए के ए जा आ काज़ा. मी आ फात्तो मोल्तो प्याचेरे.
ले आउगूरो ऊना ब्वोना कोन्वालेशेन्त्सा.
साबातो वादो आल सूपेरमेर्कातो: से ले सेर्वे लाक्क्वा ओ आल्त्रो, प्वो फार्मेलो सापेरे त्रामीते सूओ फील्यो.
नोन सी प्रेओक्कूपी दी रिस्पोन्देरे. सी रिग्वार्दी.
उन कारो सालूतो’

आणि खाली नाव, नावापुढे ‘तेर्त्सो प्यानो’, म्हणजे तिसरा मजला.

मराठीत त्याचा मजकूर साधारण असा: तुमच्या मुलाकडून कळलं की शस्त्रक्रिया नीट झाली आणि तुम्ही घरीही आलात, ऐकून फार बरं वाटलं. विश्रांतीचे दिवस छान जावोत. शनिवारी मी सुपरमार्केटला जातो आहे. पाणी किंवा आणखी काही लागलं तर मुलाकडून कळवा. उत्तराची काळजी करू नका. जपून राहा.

पहिल्या ओळीत दोन गोष्टी आहेत. बातमी कुठून कळली हे त्यात आहे, म्हणजे आपल्या दुखण्याची जिन्यात चर्चा चालली आहे, असं बाईंना वाटत नाही. आणि ऑपरेशनसाठी ‘लिंतेर्वेन्तो’ घेतलाय. ‘ओपेरात्स्योने’ चूक नाही, पण पहिला शब्द जरा सौम्य आहे. काय कापलं, काय बसवलं, याचा उल्लेख कुठेही नाही, जरी मुलाला ते ठाऊक आहे. बाईंना सांगायचं असेल तर त्या जिन्यात भेटल्यावर अर्धा तास सांगतील. त्या वेळी मात्र मन लावून ऐकावं.

शुभेच्छेच्या ओळीवर मी मुद्दाम थांबतो. कार्डांवर छापलेलं सगळीकडे दिसतं ते ‘प्रोन्ता ग्वारिज्योने’, म्हणजे लवकर बरं वाटो. खुबा असेल, पित्ताशय असेल, मोतीबिंदू असेल, तर ते बिनधास्त लिहावं. पण शस्त्रक्रिया कशाची आहे हे माहीत नसेल, किंवा माहीत असेल आणि दुखणं लवकर बरं होणाऱ्यांतलं नसेल, तर ‘लवकर बरं’ हे शब्द वाचणाऱ्याला लागतात. ‘ब्वोना कोन्वालेशेन्त्सा’ फक्त उठून बसण्याच्या, ताकद भरून येण्याच्या दिवसांबद्दल बोलतं. रोगाबद्दल ते काही बोलत नाही, म्हणून कुठल्याही घरात चालतं. नुसतं ‘तान्ती आउगूरी’ लिहू नये, ते वाढदिवसाला म्हणतात. ‘दी प्रोन्ता ग्वारिज्योने’ जोडलं तर ठीक. तसंच तरुण मंडळींच्या तोंडी असणारं ‘इन बोक्का आल लूपो’ हे परीक्षेआधी किंवा ऑपरेशनला आत नेण्याआधी म्हणायचं असतं. ऑपरेशन झाल्यावर त्याची वेळ टळलेली असते. सहानुभूतीचा एखादा भारी शब्द शोधताना शब्दकोशातून ‘कोन्दोल्यान्त्से’ उचलणारेही असतात. ते सांत्वन आहे, मयताचं. या एका शब्दापासून तरी जपलं पाहिजे.

मदतीची ओळ या चिठ्ठीचा प्राण आहे आणि ती लिहायलाही सगळ्यांत नाजूक आहे. ‘काहीही लागलं तर सांगा’ हे आपण म्हणतो, इटालियन माणूसही म्हणतो, आणि दोन्हीकडे कोणी काही सांगत नाही. इथे मुलानं वार सांगितला, जागा सांगितली आणि वस्तूही सांगितली. इटलीत पुष्कळ घरांत प्यायचं पाणी सहा-सहा बाटल्यांच्या गठ्ठ्यानं विकत आणतात, आणि कुबड्यांवरच्या बाईंना तो गठ्ठा दुसऱ्या मजल्यावर चढवणं जमणारं नाही. म्हणजे गरज खरी आहे. शिवाय मी तसाही जाणारच आहे, असा सूर असल्यामुळे त्यांच्यावर उपकार होत नाहीत. आणि निरोप त्यांच्या मुलामार्फत द्यायला सांगितल्यामुळे ‘नको’ म्हणणंही सोपं झालं, कारण निरोप आला नाही तर ‘नको’ म्हणायची वेळच येत नाही. विद्यार्थ्याच्या आधीच्या कच्च्या कागदावर ‘टपालपेटीत चिठ्ठी टाका’ असं होतं. पेट्या तळमजल्यावर असतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर दोन जिने उतरायला लावणारी मदत काय कामाची? लिहिताना पेशंट आत्ता कुठे बसला आहे, किती पावलं चालू शकतो, हे डोळ्यांपुढे आणलं की अशा गोष्टी सापडतात.

‘सी रिग्वार्दी’ हे ‘जपून राहा’ लेइ-रूपात. ‘तू’ वापरला असता तर ‘रिग्वार्दाती’ झालं असतं. हा उपदेश वाटत नाही, निरोप घेतानाचं बोलणं वाटतं. शेवटचा ‘उन कारो सालूतो’ मायन्यातल्या ‘कारा’शी जुळतो. ‘कोर्दियाली सालूती’ जरा कचेरीच्या बाजूला झुकतं, ‘उन आब्राच्चो’ म्हणजे आलिंगन, ते मित्रांचं. ‘कोन आफ्फेत्तो’ तर घरच्यांचं. चार करंज्यांच्या ओळखीला ‘कारो सालूतो’ बरोबर बसतो. मजला लिहायचं कारण साधं आहे: आपली नावं तिथे लक्षात राहत नाहीत. ‘वरच्या मजल्यावरचा भारतीय मुलगा’ मात्र राहतो.

मुलीनं लिहिलं तर काय बदलेल? या मसुद्यात काहीच नाही, कारण तो तसा जुळवला आहे. पण ‘मला आनंद झाला’ हे ‘सोनो कोन्तेन्तो’ असं लिहिलं, तर मुलगी ‘कोन्तेन्ता’ लिहील. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. मी आलो, मी आले, हा भेद आपल्या तोंडात बसलेला आहे. घरात कन्नड बोलणारे विद्यार्थी मात्र इथे घसरतात, कारण ‘नानू बंदे’ बाईही म्हणते आणि बाप्याही म्हणतो. बिदरच्या एकाच बाकावर बसलेल्या दोघांच्या चुका अशा वेगवेगळ्या असतात, आणि पुस्तिकेत काही नमुने दोन्ही रूपांत दिले आहेत ते एवढ्यासाठीच.

चिठ्ठीसोबत काही द्यायचं का, हे नेहमी विचारलं जातं. फुलं द्यायची तर शेवंती नको. आपल्याकडे शेवंती देवाला, वेणीत, दारच्या तोरणात असते, आणि हुमनाबादेत दसऱ्याला तिचे ढीग लागतात. इटलीत शेवंती कबरीवरची. 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशी दफनभूमी तिनंच भरलेली असते, आणि त्या सुमारास फुलवाल्यांकडे स्वस्त, सुरेख शेवंतीच समोर मांडलेली दिसते. नेमकं तेव्हाच कुणाचं ऑपरेशन झालेलं असलं की आपला विद्यार्थी फसतो. खाणं द्यायचं तर तिखट-मसाल्याला पूर्ण सुट्टी. तिथेही दुखण्यातून उठलेल्या माणसाला ‘इन ब्यान्को’, म्हणजे पांढरं जेवण देतात: नुसता उकडलेला भात, थोडं ऑलिव्हचं तेल, पातळ सूप. आपल्या मऊ भाताची ही चुलत बहीणच. तरीही पहिल्याच खेपेला शिजवलेलं अन्न देऊ नये असं माझं मत आहे, कारण पथ्य काय सांगितलं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि नको म्हणणं त्यांना जड जातं. अंगारा, तबर्रुक आणि झिऱ्याचं पाणी यांबद्दल मी काही बोलत नाही. ते द्यायचं असेल तर आधी ओळख वाढू द्यावी.

चिठ्ठी केव्हा द्यायची? ऑपरेशनच्या दिवशी नको, त्या दिवशी घर दवाखान्यात असतं. माणूस घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत ती पोचली तर उत्तम. महिना उलटून गेला असेल तर ‘आधी कळलं नाही’ अशी लांबण न लावता फक्त शुभेच्छेची आणि मदतीची ओळ लिहावी.

उत्तर येईलच असं नाही, आपणच ‘उत्तराची काळजी करू नका’ असं लिहिलेलं असतं. आलं तर बहुधा जिन्यात तोंडी येईल: ‘ग्रात्सिए देल पेन्स्येरो’, आठवण ठेवल्याबद्दल आभार. त्यावर ‘सी फिगूरी’ म्हणजे ‘त्यात काय मोठं’ एवढं पुरतं. इथेच, बाई हसून बोलल्या म्हणून, पुढच्या चिठ्ठीत ‘तू’वर उतरायचा मोह होतो. तो आवरावा. ‘लेइ’कडून ‘तू’कडे जायचं ठरवण्याचा मान वयानं मोठ्या माणसाचा असतो. त्या स्वतःहून ‘द्यामोची देल तू’, चला आपण एकमेकांना ‘तू’ म्हणू, असं म्हणाल्या, तर संकोच न करता लगेच स्वीकारावं. त्यानंतरही ‘लेइ’ चालू ठेवलं, तर पुढे केलेला हात झिडकारल्यासारखं होतं. आणि त्या तसं कधीच म्हणाल्या नाहीत, वर्षानुवर्षं दोन्हीकडून ‘लेइ’ आणि ‘सिन्योरा लुचीया’च चालू राहिलं, तरी त्याचा अर्थ त्यांनी आपल्याला दूर ठेवलं असा नाही. त्या इमारतीत तीस-तीस वर्षं शेजारी राहिलेली, एकमेकांच्या घराच्या किल्ल्या सांभाळणारी माणसंही अशीच बोलतात. पुस्तिकेतल्या पुढच्या नमुन्यांत ‘तू’ फक्त शेवटच्या भागात येतो, आणि तोही समोरून तसं बोलणं आल्यावर लिहायच्या चिठ्ठ्यांतच.